काप काळा पडलाय की कुजलाय: फोटोत नेमकं काय बघायचं

प्रश्न: माझी धाकटी बहीण नुकतीच एकटी राहायला लागली आहे. कापून ठेवलेलं सफरचंद, उरलेला अर्धा ॲव्होकाडो, सोललेला बटाटा, काहीही तपकिरी दिसलं की फोटो पाठवून विचारते, "खाऊ की टाकून देऊ?" मला तर फोटोत सगळं सारखंच तपकिरी दिसतं. काय बघून ठरवायचं?

कापलेली फळं आणि भाज्या पॅक होतात तिथे मी गुणवत्ता तपासणीचं काम करते. तक्रारींसोबत आलेले फोटो बघून निष्कर्ष काढणं हा त्या कामाचा रोजचा भाग आहे. त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: कापलेल्या पृष्ठभागाचा एकच फोटो बघून हे बऱ्याचदा मलाही ठरवता येत नाही. तपकिरी रंग दोन्हीकडे असतो. हातात फळ असतं तेव्हा आपण बोटाने दाबतो, वास घेतो, थोडं कापून आत बघतो. फोटोत या तिन्ही गोष्टी नसतात. वास आणि स्पर्श फोटोत आणता येत नाहीत, पण आतलं दृश्य आणता येतं, आणि बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो. म्हणून बहिणीकडून दुसरा फोटो मागवायला शिका. तो कसा काढायचा ते पुढे सांगते. आधी त्यात काय शोधायचं ते बघू.

सफरचंद, ॲव्होकाडो आणि बटाटा या तिघांच्या पेशींमध्ये फिनॉल वर्गातले पदार्थ असतात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकरही असतं. पेशी शाबूत असते तोवर ही दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. सुरीने पेशी फाटल्या की ती एकमेकांत मिसळतात, हवेतल्या ऑक्सिजनची जोड मिळते आणि त्यातून शेवटी मेलॅनिनसारखं तपकिरी-काळं रंगद्रव्य तयार होतं. यात कुठलाही जंतू लागत नाही. या रंगाला सुरी आणि हवा दोन्ही लागतात, त्यामुळे तो सुरी फिरली तिथेच आणि हवा पोचली तेवढाच दिसतो. एकूण कापलेल्या भागावर साधारण सारखा पसरलेला, पातळ थराचा, आणि खाली पुन्हा गराचा मूळ रंग.

कुजण्याची चाल वेगळी असते. बुरशी किंवा जीवाणू एखाद्या ठिकाणाहून आत शिरतात: देठाजवळून, सालीवरच्या खरचटीतून, मार लागलेल्या जागेतून. तिथून ते सगळ्या दिशांना पसरतात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन ते विरघळवतात, म्हणून तो भाग लिबलिबीत होतो आणि त्याला पाणी सुटतं. सुरी कुठून गेली याच्याशी या डागाचा काही संबंध नसतो. तो बऱ्याचदा गोलसर असतो, त्याला स्वतःची कड असते आणि तो खोल गेलेला असतो.

तेव्हा फोटो उघडल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: हा रंग सुरीच्या मागे गेलाय, की स्वतःच्या वाटेने? सफरचंदाच्या फोडीच्या दोन्ही कापलेल्या बाजू सारख्याच तपकिरी आहेत आणि सालीला लागून असलेला गर आतून पांढरा आहे, तर रंग सुरीच्या मागे गेलाय. फोडीच्या एका कोपऱ्यात गडद गोल आहे, तो सालीपासून सुरू होऊन आत गेलाय आणि त्याच फोडीचा बाकी भाग फिका आहे, तर तिथे काहीतरी दुसरं घडतंय.

आता दुसऱ्या फोटोबद्दल. बहिणीला सांगा की तपकिरी पृष्ठभाग खरवडू नकोस, त्याला काटकोनात सुरी घालून आरपार काप आणि नव्या कापाचा फोटो काढ. खरवडल्याने तपकिरी रंग खाली फासला जातो आणि थर किती जाड होता ते कळत नाही. आडव्या कापात मात्र थराची जाडी कडेवर रेघेसारखी दिसते. फोटो लगेच काढायचा, कारण नवा कापही काही मिनिटांत रंग बदलू लागतो. सफरचंद आणि बटाटा यात फारच घाई करतात.

उजेडाचं थोडं सविस्तर सांगते, कारण अर्धे गोंधळ तिथेच होतात. पिवळ्या दिव्याखाली पांढरा गर मळकट दिसतो आणि फिका तपकिरी गडद दिसतो. फोन आपल्या हिशोबाने रंग सावरतो, आणि गडद ओट्यावर तो वेगळा सावरतो, पांढऱ्या ताटलीत वेगळा. म्हणून काप साध्या पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि कागदाची कड चौकटीत येऊ द्यायची. फोटोत कागदच पिवळट दिसत असेल तर गराच्या पिवळेपणावर विश्वास ठेवू नका. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. उजेड समोरून न येता एका बाजूने आला तर बुरशीच्या बारीक तंतूंची सावली पडते आणि बुळबुळीत थर चमकतो. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये सगळंच चमकतं आणि लव पुसली जाते. रात्रीच्या फोटोंसाठी फोनमध्ये जी सोय असते ती दाणेदारपणा घालवण्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत करते, आणि नेमकी बुरशीची कोवळी पांढरी लव त्यात नाहीशी होते. मेसेजमधून पाठवताना फोटो लहान होतो, तेव्हा शक्य असेल तर मूळ फाइल पाठवायला सांगा. हे सगळं जमलं नाही तरी कागद आणि खिडकी एवढं जमवाच.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. ॲव्होकाडो घेते, कारण लोक सर्वांत जास्त तोच नाहक टाकून देतात, आणि बिघाडाच्या खुणाही त्यातच सर्वांत फसव्या असतात.

समजा बहिणीने रात्री अर्धा ॲव्होकाडो खाल्ला आणि उरलेला अर्धा, बीसकट, वर पारदर्शक फिल्म लावून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळच्या फोटोत कापलेला सगळा भाग तपकिरी आहे, कडेने काळपट आहे, आणि मध्येच एक-दोन ठिकाणी हिरवे ठिपके राहिले आहेत. बघताक्षणी अगदी नको वाटतं. पण त्या हिरव्या ठिपक्यांकडे नीट बघा. फिल्म जिथे गराला घट्ट चिकटली होती तिथे हवा पोचली नाही आणि रंग बदलला नाही. जिथे फिल्मखाली हवेचा फुगा राहिला तिथे तपकिरी झालं. बी बाहेर काढली तर तिच्या खालचा खळगाही बराचसा हिरवा निघेल, त्याच कारणाने. हवेच्या नकाशाप्रमाणे रंग बदलला असेल तर ते ऑक्सिडीकरणच आहे. बुरशीला अशी शिस्त नसते.

मग दुसरा फोटो: देठापासून टोकापर्यंत उभा काप. वर एक-दोन मिलिमीटरची तपकिरी रेघ, आणि खाली सालीजवळ हिरवा होत जाणारा पिवळट, सलग गर. असं दिसलं तर वरचा थर चमच्याने काढून बाकीचा खाता येतो. तो थरही विषारी नसतो. चव थोडी कडवट लागते आणि दिसायला बरा नसतो, एवढंच.

पण याच उभ्या कापात कधी कधी देठाकडून निघून गरभर गेलेल्या गडद, धाग्यासारख्या रेषा दिसतात. या फळाच्या शिरा असतात. फळ फार दिवस थंडीत साठवलं गेलं, तर त्या काळवंडतात. गर घट्ट आहे, त्याचा रंग ठीक आहे आणि फक्त शिरा दिसताहेत, तर ते अन्न म्हणून बिघडलेलं नाही. तोंडात धागे येतील, चव कमी असेल. आता फरक बघा: देठापाशी या शिरा एकमेकींत मिसळून सलग तपकिरी पट्टा झाला असेल, तो भाग पाणचट किंवा खचलेला दिसत असेल आणि पट्टा टोकाकडे सरकत असेल, तर ती देठाकडून शिरलेली कुज आहे. सुरुवातीच्या अवस्थेत दोन्ही अगदी जवळजवळ दिसतात. अशा वेळी मी तिसरा फोटो मागते, सालीचा, आणि त्यात देठाची जागा स्पष्ट यायला हवी. तिथे लव असेल किंवा साल आत बसली असेल तर निर्णय झाला.

सालीचा फोटो आणखी एका कारणासाठी लागतो. अँथ्रॅक्नोज नावाच्या बुरशीच्या रोगात सालीवर काळे गोल डाग पडतात, ते थोडे खोलगट होतात, आणि प्रत्येक डागाच्या बरोबर खाली गरात अर्धगोलासारखा मऊ तपकिरी भाग तयार होतो. वरून कापलेल्या पृष्ठभागाच्या फोटोत हा भाग फक्त कडेचा एक गडद डाग म्हणून दिसतो आणि सहज नजरेतून सुटतो. गरातला डाग सालीवरच्या डागाशी जुळतोय का, हे ताडून बघायचं. जुळला तर ते सुरीचं काम नव्हे. ॲव्होकाडोचा गर मऊ असतो आणि बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा आत गेलेले असू शकतात, म्हणून बुरशी दिसली की कापून वाचवायच्या भानगडीत पडू नये, पूर्ण अर्धा टाकून द्यावा.

शेवटची एक शक्यता उरते: कापताक्षणीच आतला गर राखाडी-तपकिरी निघाला, विशेषतः बीच्या भोवती, आणि वास काही नाही. हे कच्चं फळ फार थंड जागी जास्त दिवस राहिल्याने होतं. रंग आधीपासूनच आत होता, म्हणजे हा कापल्यानंतरचा बदल नाही, आणि कुजही नाही. खायला धोका नसला तरी चव इतकी पडलेली असते की मी स्वतः तो भाग काढून टाकते.

सफरचंदाचं निदान सोपं आहे. फोडी तपकिरी होणं जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असतं, आणि काही जातींत ते काही मिनिटांत होतं तर काहींत तासाभरानेही नावापुरतंच. मार लागलेली जागाही तपकिरी असते, पण तिथली साल सहसा शाबूत असते आणि डाग सालीच्या खालीच थांबतो. सफरचंदात बघायच्या जागा दोन. एक म्हणजे सालीवरून आत गेलेला फिक्या तपकिरी रंगाचा, पाणी भरल्यासारखा भाग. त्याची कड इतकी स्वच्छ असते की चमच्याने तो अख्खा उचलून काढता येईल असं वाटतं. पेनिसिलियम बुरशीची ही ओळख आहे, आणि पुढे त्यावर आधी पांढरे, मग निळसर-हिरवे पुंजके येतात. दुसरी जागा बियांचा कप्पा. बाहेरून निरोगी असलेल्या सफरचंदातही तिथे राखाडी-पांढरी लव सापडते. फोडींचा फोटो मागताना बियांकडची बाजू वर ठेवायला सांगा, नाहीतर नेमकी तीच बाजू कागदाकडे जाते. या पेनिसिलियममुळे पॅट्युलिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते डागाच्या थोडं पलीकडेही पोचतं, म्हणून निळी-हिरवी बुरशी आलेलं सफरचंद कापून वापरण्याच्या मी विरोधात आहे.

इथेच एक उलटी चूक सांगते. लिंबाचा रस किंवा क जीवनसत्त्वाचं द्रावण लावलेल्या फोडी दिवसेंदिवस पांढऱ्या राहू शकतात. ॲस्कॉर्बिक आम्ल तपकिरी रंग तयार होण्याच्या आधीच ती क्रिया मागे फिरवतं, आणि लिंबाच्या आंबटपणाने विकराचं कामही मंदावतं. पण याने फोड टिकते असं नाही. कामावर माझ्यासमोर येणाऱ्या खरोखर बिघडलेल्या पाकिटांत छान पांढऱ्या फोडी असतात आणि तळाशी गढूळ, चिकट पाणी असतं, किंवा पाकीट फुगलेलं असतं. तेव्हा फोटोत फोडींच्या रंगाबरोबर डब्याचा तळही दिसू द्या.

बटाट्याचे रंग लोकांना घाबरवतात, कारण ते फक्त तपकिरी नसतात. सोललेला बटाटा आधी गुलाबीसर होतो, मग विटकरी, मग राखाडी-काळा. हा सगळा त्याच विकराचा प्रवास आहे आणि निरुपद्रवी आहे. उकडल्यानंतर थंड होताना बटाटा निळसर राखाडी होतो तो प्रकार वेगळा. बटाट्यातलं लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल यांचा संयोग हवेत आल्यावर तो रंग देतो. विकर उकडताना केव्हाच निकामी झालेलं असतं. हा करडेपणा बटाट्याच्या एका टोकाला, जिथे तो वेलीला जोडलेला असतो, जास्त दिसतो. तोही खाता येतो.

खरी कुज मात्र बऱ्याचदा काळी नसतेच, आणि फोटो बघणारे नेमके इथे चुकतात. जीवाणूंमुळे होणाऱ्या ओल्या कुजीत बिघडलेला भाग सायीसारखा फिका, पांढुरका-मळकट असतो आणि निरोगी भागाशी त्याची जिथे सीमा असते तिथे काळी-तपकिरी रेघ असते. नवखा माणूस काळी रेघ बघून ती कापतो आणि फिका भाग ठेवतो. फोटोत फिक्या भागावर ओली चकाकी आहे का आणि कापाची कड धारदार राहिली आहे की ओघळली आहे, ते बघा. निरोगी बटाट्याचा काप चाकूची कड स्वच्छ दाखवतो.

पाण्यात ठेवलेल्या बटाट्याचं पाणी गढूळ दिसलं म्हणून लगेच टाकू नये. ते सुटलेलं पिठूळ असतं. भांडं अर्धा तास न हलवता ठेवायचं आणि बाजूने फोटो काढायचा. पिठूळ खाली बसून पांढरा थर होतो आणि वरचं पाणी बरंच निवळतं. पाणी तसंच गढूळ राहिलं, वर फेस किंवा बुडबुडे दिसले, बटाटे बुळबुळीत झाले, तर जीवाणूंचं काम सुरू झालंय.

हिरवा झालेला बटाटा फोटोत ताजातवाना दिसतो, आणि सावध व्हायला हवं ते तिथेच. हिरवा रंग उजेडामुळे आलेल्या हरितद्रव्याचा असतो आणि तो स्वतः निरुपद्रवी असतो. पण त्याच उजेडात सोलॅनिनसारखी कडू, विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती शिजवून जात नाहीत. हिरवट थर वरवरचा असेल तर साल जाड काढून तो पूर्ण काढायचा. आतपर्यंत हिरवा असेल किंवा चव कडू लागली तर टाकायचा.

आता या सगळ्याची मर्यादा. फोटो बघून मी "हे कुजलंय" असं ठामपणे सांगू शकते, "हे फक्त ऑक्सिडीकरण आहे" हेही बऱ्याचदा सांगू शकते, पण "हे सुरक्षित आहे" असं कधीच सांगत नाही. आजारी पाडणारे साल्मोनेला आणि लिस्टेरियासारखे जंतू रंग, वास, पोत काहीही न बदलता वाढू शकतात. म्हणून प्रत्येक फोटोसोबत मी दोन गोष्टी विचारतेच: कापलं कधी, आणि तेव्हापासून ठेवलं कुठे. कापलेलं फळ सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हवा 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एक तास, आणि फ्रिज 5 अंशांच्या आत असावा. रात्रभर ओट्यावर राहिलेलं कापलेलं फळ फोटोत कितीही निर्मळ दिसलं तरी मी टाकून द्यायला सांगते. खाणारी व्यक्ती गरोदर असेल, अगदी लहान किंवा वृद्ध असेल, किंवा आजारपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, तर शंकेच्या जागी मी अजिबात सूट देत नाही. आणि बहिणीला एवढं जरूर सांगा की लव दिसत असेल तर वास घेऊन खात्री करायला जाऊ नकोस, बुरशीचे बीजाणू नाकात जातात.

तिला कायमचा पाठवून ठेवण्यासाठी एक मेसेज लिहून देते: "खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेव, फ्लॅश बंद कर. पहिला फोटो आहे तसाच. दुसरा आडवा काप देऊन, लगेच. तिसरा सालीचा, देठाची जागा दिसेल असा. डब्यात किंवा पाण्यात असेल तर तळाचाही. सोबत लिही, कधी कापलं आणि कुठे ठेवलं होतं." उत्तर आल्यावर फोटो उघडण्याआधी वेळ वाचा. वेळेतच गडबड असेल तर फोटो बघायची गरज नाही. वेळ ठीक असेल तर आडव्या कापाकडे जा आणि थर किती खोल गेलाय ते बघा. दोन-तीन मिलिमीटरच्या आत थांबला असेल आणि खाली गर सलग, कोरडा, मूळ रंगाचा असेल, तर तेवढा काढून खा म्हणा. थर कुठे थांबतो ते फोटोत दिसतच नसेल, तर तिला आणखी एक काप द्यायला सांगा. तरीही कड सापडली नाही तर मी तो नग टाकायच्या बाजूला ठेवते.